आठ महिने, 23 डिस्क आणि एक काळोखा प्रसंग

स्ट्रीमिंग मी बंद केलेलं नाही, हे आधीच सांगतो. एकदा बघून विसरायच्या गोष्टींसाठी ते उत्तमच आहे. पण गेल्या आठ महिन्यांत सिनेमांच्या 23 ब्लू-रे डिस्क जमवल्या आणि माझं मत एका रात्रीत पालटलं.

एकच सिनेमा दोन्हीकडे 4के मध्ये लावून बघितला. प्रसंग तळघरातला, उजेड एका कंदिलाचा. स्ट्रीमिंगवर भिंतीवरचा अंधार थराथरांत तुटत होता, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखा. कोपऱ्यात काळे चौकोन वळवळत होते. डिस्कवर त्याच जागी भिंतीचा ओलावा दिसला. कारण सरळ आहे. बहुतेक वेळा दोन्हीकडे चित्र एचईव्हीसी पद्धतीनेच दाबलेलं असतं, पण स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण 15 ते 25 मेगाबिट मिळतात, तर डिस्कवर तोच आकडा सहज 50 च्या वर जातो. कात्री लागते ती आधी अंधाराला, धुराला आणि फिल्मच्या दाण्याला. भर उन्हातल्या प्रसंगात मात्र मला फरक शोधावा लागला, खोटं कशाला बोलू!

आवाजाचा फरक त्याहून मोठा वाटला. डिस्कवर बहुधा काहीही न गाळलेला ध्वनी असतो, स्ट्रीमिंगवर दाबलेला. अर्थात टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता डोकेदुखी. एक 4के डिस्क दर वेळी बरोबर 1 तास 12 मिनिटांवर अडकायची. आधी वाटलं, प्लेअर गेला. पण बाकीच्या डिस्क नीट चालत होत्या. मग मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसली (गोल गोल पुसू नये, वर्तुळातला ओरखडा वाचताना जास्त नडतो). तरीही तिथेच अडकली. पुसूनही जागा तसूभर हलत नाही आणि दुसऱ्या प्लेअरवरही तेच होतं, तेव्हा दोष बहुधा छपाईतला असतो. बदलून मिळाली, कारण परत करायची मुदत संपली नव्हती. तेव्हापासून नवी डिस्क आली की त्याच आठवड्यात शेवटच्या नावांपर्यंत बघतो. 100 जीबीच्या, तीन थरांच्या डिस्क या बाबतीत जास्त नाजूक आहेत, बोटांचे ठसेसुद्धा त्यांना पुरतात.

रीजनचा घोळही एकदा केला. साध्या ब्लू-रेवर ए, बी, सी असे विभाग असतात. मी परदेशी आवृत्ती मागवली आणि प्लेअरने तिला ओळखच दाखवली नाही. 4के डिस्कना सहसा हे बंधन नसतं, पण त्याच खोक्यातली जोडीची ब्लू-रे अडू शकते.

23 पैकी चार डिस्क मी पुन्हा लावलेल्याच नाहीत. त्या हौसेपोटी घेतल्या होत्या. उरलेल्यांत सर्वांत जास्त वाजलीय ती छायाचित्रकाराची कॉमेंटरी असलेली. तोच तळघरातला प्रसंग एका दिव्यावर कसा उजळला, हे तो तिच्यात सांगतो. स्ट्रीमिंगवर ती कॉमेंटरी नाहीच.