इरादापत्र: सगळेच अबंधनकारक, की तीन कलमे सोडून?

अंबडचा शीटमेटल कारखाना आणि सातपूरचे पावडर कोटिंग युनिट मिळून तयार पॅनेल विकणार आहेत, असे धरू. पक्क्या करारापूर्वी लिहायच्या इरादापत्राचे दोन मसुदे समोर आहेत.

पहिल्यात एकच ओळ: ‘हे पत्र कोणावरही बंधनकारक नाही.’ लिहायला सोपे. पण अंबडवाल्याने ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकांची यादी दिली नि बोलणी फिसकटली, तर या पत्राच्या जोरावर त्याला काही मागता येत नाही.

दुसऱ्यात व्याप्ती आणि भूमिका (कटिंग-बेंडिंग अंबडकडे, कोटिंग-पॅकिंग सातपूरकडे) अबंधनकारकच राहतात. गोपनीयता, 60 दिवस तिसऱ्याशी बोलणी न करणे आणि ज्याचा खर्च त्याने सोसणे, एवढी तीन कलमे मात्र क्रमांक देऊन बंधनकारक ठरवलेली. मी हाच मसुदा घेईन.

घोटाळा खरा पुढे होतो. सही होताच डाय टाकली जाते, माल जातो, बिले निघतात. वाद झाला तर कोर्ट ही वागणूकही बघते. ‘अबंधनकारक’ हा शब्द एकटा पुरत नाही. म्हणून ट्रायल लॉटला वेगळी परचेस ऑर्डर काढावी.

आणि ‘भागीदारी’ऐवजी ‘सहकार्य’ लिहा. 1932 च्या भागीदारी कायद्यात फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. नुसत्या शब्दाने नाते ठरत नाही, हे खरे. पण गैरसमजाला जागा कशाला?