ब्लेंडरमध्ये मराठी लोगो रिव्हील : सात-आठ महिने वापरून झाल्यावर

मी परळला राहते आणि नाट्यसंस्था, छोटी दुकानं, युट्यूब चॅनलवाले यांच्यासाठी लोगोचं अॅनिमेशन करून देते, सगळं ब्लेंडर 4.2 वर. मराठी अक्षरांना जाडी देऊन, कडा घासून, त्यावरून लाइट फिरवायचा असेल तर काय होतं तेवढंच लिहितेय.

आधी सगळ्यात मोठी अडचण. ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टला देवनागरी नीट जुळवता येत नाही. 'क्षितिज' टाइप करा, फॉन्ट बरोबर लावलेला असला तरी क आणि ष मधला हलन्त सुटा दिसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसते. फॉन्ट बदलून फरक पडत नाही, कारण जोडाक्षरं जुळवायचं काम प्रोग्रामचं असतं आणि ते इथे होतच नाही. म्हणून मी शब्द इंकस्केपमध्ये लिहिते, फॉन्ट मुक्ता (आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, फुकट आहे आणि खूप छान आहे), मग Object to Path, ungroup आणि त्यानंतर Path > Union. हे Union अजिबात सोडू नका. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते आणि शेजारच्या रेघेवर थोडी चढलेली असते, तशीच SVG फाइल ब्लेंडरमध्ये आणली तर सांध्यावर भोकं पडतात नाहीतर बेव्हलच्या उभ्या चिरा दिसतात. तोटा एकच, शब्द एकसंध होतो, त्यामुळे एकेक अक्षर उडत येणारं अॅनिमेशन विसरायचं. मला तरी शिरोरेघ तोडून अक्षरं उडवलेली बघवत नाहीत.

SVG आत आली की अगदी बारीक असते. मोठी करा आणि लगेच Ctrl+A करून Scale अप्लाय करा, नाहीतर पुढचे आकडे भलतेच वागतात. अक्षराची उंची साधारण 1 मीटर धरली तर माझं Extrude 0.08, बेव्हलचा Depth 0.015, Resolution 4. बेव्हल बाहेरच्या बाजूला वाढतो, म्हणून अक्षर जाड दिसायला लागतं आणि क्ष मधली पोकळी बुजते, त्यासाठी Offset -0.015 ठेवायचा म्हणजे मूळ जाडी परत येते. डेप्थ जास्त झाला की आतल्या टोकदार कोपऱ्यात पृष्ठभाग एकमेकांत घुसतात, रेंडरमध्ये तिथे काळे त्रिकोण चमकतात. सॉलिड व्ह्यूमध्ये मॅटकॅप लावून झूम करा, लगेच कळतं.

आता लाइट, माझ्या मते खरी मजा इथेच आहे. मेटॅलिक 1, रफनेस 0.25 असं मटेरियल असलं की अक्षराचा स्वतःचा रंग फारसा दिसत नाही, समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब दिसतं. पुढचा चेहरा सपाट, म्हणून तो एकतर बहुतेक सगळा उजळतो नाहीतर सगळा काळा. बेव्हल मात्र गोल असल्याने कुठल्या ना कुठल्या कोनातून लाइट पकडतोच. म्हणून मी बॅकग्राउंड काळा ठेवते आणि एक अरुंद एरिया लाइट शब्दाच्या वर, थोडा पुढे, डावीकडून उजवीकडे सरकवते. त्याची चमक शिरोरेघेच्या वरच्या कडेवरून न तुटता या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाते, आणि ही गोष्ट रोमन अक्षरात मिळत नाही, तिथे प्रत्येक अक्षरापाशी चमक तुटते. 25 च्या फ्रेमरेटला 1 ते 60 फ्रेम हा लाइट, मग 50 पासून 80 पर्यंत कॅमेऱ्याजवळचा मोठा लाइट शून्यावरून चढवायचा, तेव्हा चेहरा उजळतो आणि नाव वाचता येतं.

कॅमेऱ्याबद्दल एकच सांगते, तो आधी पक्का करा, लाइट नंतर. धातूवरची चमक लाइट आणि कॅमेरा दोघांच्या मध्ये कुठेतरी पडते, त्यामुळे कॅमेरा बाजूला सरकला की लाइट जागचा हललेला नसला तरी चमक सरकते. एका कामात सगळा लाइट बसवून झाल्यावर क्लायंटने 'कॅमेरा अजून थोडा फिरू दे' म्हटलं आणि चमक शब्दाच्या मध्यावरच अडकून परत मागे यायला लागली, कारण दोन्ही हालचाली एकमेकींना कापत होत्या. तेव्हापासून कॅमेऱ्याची चाल आधी मंजूर करून घेते. 85 मिमी लेन्स, थोडासा खालून वर आणि पुढे, फ्रेम 90 ला थांबतो, 150 पर्यंत नाव स्थिर. शेवटच्या कीफ्रेमचा हँडल ग्राफ एडिटरमध्ये लांब ओढला की थांबताना झटका बसत नाही.

आणि हो, रंग. 4.0 पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म AgX असतो, तो फोटोसारख्या सीनला उत्तम, पण उजळ भागात रंग फिका करतो. संस्थेचा ठरलेला भगवा जसाच्या तसा हवा असेल तर Standard करा, मात्र मग लाइटची पॉवर कमी करावी लागते, नाहीतर शिरोरेघ पांढरी फटक पडते.