कडेच्या अक्षासाठी काय वापरावं: थेट संकलन की समांतर अक्ष प्रमेय?

जडत्व आघूर्ण काढताना बारावीच्या एका विद्यार्थ्याला हा प्रश्न पडलाय. आधी मेहनत पाहू.

एकसमान दांडीच्या टोकाभोवती (अक्ष दांडीला लंब) संकलन एका ओळीत संपतं: (M/L)∫x²dx, 0 ते L, म्हणजे ML²/3. प्रमेयाने ML²/12 + M(L/2)², तेच उत्तर. इथे दोन्ही सारखेच.

चकतीत मात्र फरक जाणवतो. कडेतून जाणाऱ्या, प्रतलाला लंब अक्षाभोवती संकलन करताना त्रिज्येची मर्यादा कोनानुसार बदलते आणि cos⁴θ गळ्यात पडतो. प्रमेयाने MR²/2 + MR² = 3MR²/2, संपलं. अक्ष चकतीच्या प्रतलातली स्पर्शिका असेल तर सुरुवात MR²/4 ने करा, उत्तर 5MR²/4.

चुकण्याचा धोका प्रमेयातच जास्त. सुरुवातीचा अक्ष वस्तुमान केंद्रातूनच हवा. दांडीच्या टोकापासून L/4 वरच्या अक्षासाठी टोकाचं ML²/3 घेऊन त्यात M(L/4)² मिळवलं, तर केंद्राकडे सरकूनही जडत्व आघूर्ण वाढलेलं दिसेल; तिथेच चूक पकडा. खरं उत्तर ML²/12 + M(L/4)² = 7ML²/48.

घनता x च्या प्रमाणात वाढणारी दांडी असेल, तर हलक्या टोकाभोवती सरळ संकलन करा: ML²/2. तिथे प्रमेयासाठी आधी केंद्र शोधणं म्हणजे उगाच वळसा. केंद्राचं सूत्र पाठ असलेल्या एकसमान वस्तूंना प्रमेय.