पितळी कळशीचा टेबल लॅम्प: काही महिने वापरल्यावर

पितळी कळशीपासून मी केलेला हा लॅम्प वाचायला बसताना रोज लागतो, त्यामुळे आता त्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. दिसायला छानच आहे, पण सगळी मदार कॉर्ड सेटवर.

बाजारात होल्डर, स्विच आणि प्लग जोडलेले जे तयार सेट मिळतात, त्यातले बरेचसे दोन तारांचे असतात. काचेच्या बाटलीला प्लॅस्टिकचा होल्डर लावला तर ते चालतात, कारण काचेतून वीज वाहत नाही. पितळेचं तसं नाही. आत एखाद्या तारेचं आवरण फाटलं तर अख्खी कळशी 'लाइव्ह' होते आणि बल्ब मात्र निवांत जळत राहतो, म्हणजे कळायला मार्ग नाही. म्हणून मी तीन तारांची, थ्री-पिनवाली कॉर्ड घेतली.

हिरवी-पिवळी अर्थिंगची तार नुसती पिळून कळशीला गुंडाळू नये. तिच्या टोकाला गोल लग, म्हणजे भोक असलेली धातूची टिकली, दाबून घट्ट बसवला आणि तळाजवळ भोक पाडून नट-बोल्टने दातेरी वॉशरसकट आवळला. पितळेवर लॅकरचा पारदर्शक थर असतो, तो त्या जागी आतून खरवडून काढावा लागतो, नाहीतर तार लागलेली दिसते पण जोड होतच नाही. प्लग सॉकेटमधून काढून मल्टिमीटरचं एक टोक अर्थच्या पिनवर आणि दुसरं कळशीच्या उघड्या पितळेवर धरली, तर रीडिंग एक ओहमच्या आत यायला हवं. मध्यंतरी पुन्हा तपासलं तेव्हाही तेवढंच होतं.

दुसरी नाजूक जागा म्हणजे वायर बाहेर येते ते भोक. पत्र्याची कड सुरीसारखी असते. कानस मारून वर रबरी ग्रोमेट बसवलं आहे, आणि आतल्या बाजूला कॉर्ड ग्रिप. वायर ओढली गेली तरी ताण ग्रिपवर येतो, होल्डरच्या स्क्रूंवर नाही. लॅम्प पुसताना वायर हमखास ओढली जाते, तरी ग्रोमेटजवळ आवरणावर अजून ओरखडा नाही. फक्त होल्डरखालचा नट सैल होऊन शेड डुलायला लागली होती. तिथे स्प्रिंग वॉशर घातल्यावर थांबली.

बल्ब ७ वॉटचा एलईडी. कळशी गरम होत नाही. आटे असलेल्या होल्डरमध्ये तपकिरी तार मधल्या टिकलीला आणि निळी आट्यांच्या कडीला जोडायची. उलटं झालं तरी बल्ब लागतो, पण बदलताना बोट लागेल ती कडीच लाइव्ह असते.

तक्रार एकच, वायरवरच्या स्विचची. तो टेबलामागे घरंगळतो आणि अंधारात चाचपडावं लागतं. पुढचा लॅम्प बाटलीचा करणार आहे. त्यात वायर होल्डरच्या बाजूने काढली की काचेला भोक पाडायची कटकट नाही, आणि स्विच होल्डरवरच असलेला घेईन. मात्र होल्डर पितळी आवडला, तर पुन्हा तीन तारा आल्याच.