सिलोनी नीलम की शाईसारखा गडद?

नीलमाचे दोन खडे, दोन्ही तीन कॅरेटचे. पहिला श्रीलंकेचा, मध्यम गडद, भरगच्च निळा. दुसरा ऑस्ट्रेलियाचा, शाईसारखा. दुकानाच्या दिव्यांखाली दोन्ही झळकतात आणि ‘गडद म्हणजे अस्सल’ समजून गिऱ्हाईक दुसराच उचलतं. खिडकीशी नेऊन बोटांच्या बेचक्यात धरा: पहिला निळाच राहतो, दुसरा काळा पडतो. त्यात लोह जास्त, ते उजेड गिळतं. म्हणून तो स्वस्त. (अगदी फिकाही स्वस्तच.)

पण पहिल्याचा भाव नुसत्या रंगावर ठरत नाही. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवून खुलवलेले असतात. तोच रंग न तापवता असेल तर किंमत कितीतरी चढते. हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तेव्हा भरगच्च निळ्या रंगाला दिलेल्या ‘रॉयल ब्लू’ या नावाला भुलण्याआधी प्रयोगशाळेच्या दाखल्यात तापवल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.