आकृती आधी की जमा-नावे आधी? विनिमय दर शिकवण्याच्या दोन वाटा

पदवीच्या वर्गाला विनिमय दर शिकवायला घेतला की पहिल्याच तासाला एक गोष्ट ठरवावी लागते. फळ्यावर डॉलरच्या मागणी-पुरवठ्याची आकृती काढून दर आधी समजवायचा आणि व्यवहारतोल मागाहून घ्यायचा, की व्यवहारतोलाचे जमा-नावे आधी मांडून दराकडे नंतर वळायचे? मी बरीच वर्षे आकृतीपासून सुरुवात केली. आता खात्यापासून करतो. दोन्ही वाटांनी मुलांचा अभ्यासक्रम पुरा होतो, त्यामुळे माझेच बरोबर असा हट्ट नाही. पण नव्याने शिकवायला लागलेल्यांना या दोन्हींत काय फरक पडतो ते सांगता येईल.

आकृतीची मोठी सोय म्हणजे ती मुलांना ओळखीची असते. उभ्या अक्षावर एका डॉलरचे रुपये, आडव्या अक्षावर डॉलर. आयातदाराला डॉलर लागतात ही मागणी, निर्यातदार डॉलर आणून विकतो हा पुरवठा. कच्चे तेल महागले की मागणीचा वक्र उजवीकडे सरकतो आणि डॉलर महाग होतो. एका तासात वर्ग इथवर येतो. दर वर चढला म्हणजे रुपया उतरला, हा उलटा हिशेब काही जणांना सुरुवातीला चकवतो, पण आठवडाभरात सवय होते. तेवढ्यासाठी मी वाट बदलली नसती.

बदलली ती एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. ती म्हणाली, "सर, दोन रेषा छेदतात तिथे मागणी आणि पुरवठा सारखे. मागणी म्हणजे आयात, पुरवठा म्हणजे निर्यात. मग समतोलात तूट उरायलाच नको. आपल्याकडे तर कायम तूट असते. म्हणजे आपला बाजार कधीच समतोलात नसतो का?" तिचे अगदी बरोबर होते. स्वातंत्र्यानंतर भारताच्या वस्तुव्यापारात शिल्लक दिसली ती 1972-73 आणि 1976-77 या दोनच वर्षी. नुसत्या आयात-निर्यातीवर उभी केलेली आकृती बाकीच्या सगळ्या वर्षांबद्दल काही सांगूच शकत नाही. "भांडवलाचे आपण पुढच्या प्रकरणात बघू," असे मी म्हणालो आणि पुढच्या प्रकरणात ते शिकवलेही. तरी उत्तरपत्रिकांत तेच वाक्य यायचे: आयात निर्यातीपेक्षा जास्त, म्हणून रुपया घसरतो. पहिल्या तासाला मनात बसलेले चित्र नंतरच्या ठिगळाने पुसले जात नव्हते. दरवर्षी तपासताना हे वाक्य वाचून मला हळहळ वाटायची, कारण ते मीच शिकवलेले होते.

हे वाक्य किती फसवे आहे ते 2007-08 या वर्षात स्वच्छ दिसते. त्या वर्षी वस्तुव्यापाराची तूट सुमारे 91.5 अब्ज डॉलर होती. सॉफ्टवेअर सेवा, परदेशातल्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे वगैरे अदृश्य व्यवहारांतून निव्वळ 75.7 अब्ज आले. म्हणजे चालू खात्यावर जवळपास 16 अब्जांची तूट राहिली. नुसती आकृती शिकलेला मुलगा म्हणेल, रुपया पडला असणार. प्रत्यक्षात डॉलरचा वार्षिक सरासरी भाव आदल्या वर्षीच्या 45 रुपयांवरून 40 च्या आसपास उतरला. रुपया चांगलाच वधारला होता.

इथे खात्याची वाट कामाला येते. आधी फळ्यावर दोन रकाने पाडायचे, जमा आणि नावे, आणि वर्गाला विचारायचे: ही 16 अब्जांची तूट भागवायला डॉलर कुठून आले? उत्तर भांडवली खात्यात सापडते. त्या वर्षी शेअर बाजारातली परदेशी गुंतवणूक, कंपन्यांनी बाहेरून घेतलेली कर्जे, थेट गुंतवणूक असे मिळून निव्वळ 106.6 अब्ज डॉलर आले. तूट भागून, चुकभूल धरून, उरलेले सुमारे 92 अब्ज रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीत गेले. मग मुले आपणहून पुढचा प्रश्न विचारतात: बँकेने ते डॉलर उचलले नसते तर? तर डॉलर आणखी स्वस्त झाला असता. आता आकृती काढली की तिच्यात मागणीच्या बाजूला आयातदारांबरोबर रिझर्व्ह बँकही उभी असते, पुरवठ्याच्या बाजूला निर्यातदारांबरोबर परदेशी गुंतवणूकदार असतात, आणि छेदनबिंदूवर तूट असली तरी कोणाला कोडे पडत नाही.

छोटे उदाहरण मी नाशिकच्या द्राक्षांचे घेतो. समजा, एका निर्यातदाराने 25,000 डॉलरचा माल दुबईला उधारीवर पाठवला. माल निघाला त्या दिवशी वस्तूंच्या निर्यातीत 25,000 जमा. समोर नावे काय? पैसे तर आलेले नाहीत. नावे पडते ते दुबईच्या व्यापाऱ्याकडचे येणे, आणि ते भांडवली खात्यात बसते. चालू खात्यावरच्या जमेला भांडवली खात्यावरचे नावे चिकटून येते, हे मुलांना अशा एका नोंदीतून जितके पटते तितके सूत्रातून पटत नाही. यातली दुसरी गोष्ट अशी की त्या दिवशी चलन बाजारात एकही डॉलर विकला गेलेला नाही. दोन महिन्यांनी पैसे येतील आणि निर्यातदार ते बँकेला विकेल तेव्हा पुरवठा होईल. रुपया घसरणार अशी हवा असेल तर तो वसुली लांबवतो, आणि आयातदार मात्र आजच डॉलर घ्यायला धावतो. निर्यातीचा आकडा तसाच राहतो आणि बाजारातला पुरवठा आटतो.

खात्याच्या वाटेलाही खाचखळगे आहेत. गंगाजळी वाढली की नोंदीत उणे चिन्ह येते, आणि ते पाहून वर्ग हमखास अडखळतो. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकत घेणे म्हणजे परदेशी मालमत्ता आयात करणे, असे सांगितले की बहुतेकांना उलगडते. याहून खरी अडचण म्हणजे खाते नेहमी जुळतेच. 2012-13 मध्ये चालू खात्याची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 4.8 टक्के होती, तरी खाते जुळले. मे 2013 मध्ये अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आवरती घेणार असे सूचित झाले, बाहेरचा पैसा परत फिरला, आणि 55 च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर 68 च्या वर गेला. तेव्हाही खाते जुळतच होते. कोणत्या भावाला जुळले हे खाते सांगत नाही, त्यासाठी आकृतीच लागते. हे न सांगता पुढे गेलात तर तूट कितीही असो, शेवटी शून्यच येते, असा उलटा गैरसमज मुले घेऊन जातात.

वेळेचाही प्रश्न आहे. या वाटेला माझे किमान दोन तास जास्त जातात. परीक्षा तोंडावर असेल किंवा पूर्ण घटकाला तीनच तास मिळणार असतील, तर आकृतीपासून सुरुवात करणाऱ्याला मी अडवणार नाही. फक्त पुरवठ्याच्या रेषेवर 'निर्यात' एवढेच लिहू नका. 'निर्यात, परदेशातून पाठवलेले पैसे, गुंतवणूक' असे पहिल्याच दिवशी लिहा. आणि सात-आठ तास हाताशी असतील तर द्राक्षांच्या त्या नोंदीपासून सुरुवात करून बघा. माझ्या वर्गात तेव्हापासून "आयात जास्त म्हणून रुपया घसरतो" हे वाक्य क्वचित दिसते. त्या जागी बहुतेक जण "तूट कोण भागवतो त्यावर अवलंबून" असे लिहितात.