एम ७० च्या कॉलमसाठी दोन मिक्स डिझाईन : फ्लाय अ‍ॅश घ्यावी की स्लॅग?

मुंबईतील उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवरील कॉलमसाठी एम ७० काँक्रीटचे दोन प्रस्ताव समोर आहेत, असे धरू. आकडे उदाहरणादाखल घेतले असले तरी असे प्रस्ताव प्रत्यक्षात साधारण याच स्वरूपात येतात. दोन्हींत घनमीटरला एकूण ५७० किलो बाइंडर, त्यात ४० किलो सिलिका फ्यूम, आणि १४८ लिटर पाणी आहे. म्हणजे पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.२६. पहिल्या मिक्समध्ये ४५० किलो ५३ ग्रेड सिमेंट आणि ८० किलो फ्लाय अ‍ॅश आहे, तर दुसऱ्यात ३९० किलो सिमेंट आणि १४० किलो स्लॅग. दोन्हींत पीसीई प्रकारचे सुपरप्लास्टिसायझर वापरले आहे.

आयएस १०२६२:२०१९ प्रमाणे एम ७० साठी प्रमाण विचलन ६ धरल्यास लक्ष्य ताकद ७० अधिक १.६५ गुणिले ६, म्हणजे ७९.९ मेगापास्कल येते. ट्रायलमध्ये पहिल्या मिक्सची २८ दिवसांची सरासरी ८३ आली आणि दुसऱ्याची ७९. एवढ्यावरून बहुतेक जण पहिल्यावर सही करतील, पण सही करण्याआधी तिन्ही क्यूबचे सुटे आकडे पाहावेत. पहिल्याचे ९०, ८३ आणि ७६ आहेत. दुसऱ्याचे ८०, ७९ आणि ७८. पहिल्याचे क्यूब सरासरीच्या १५ टक्क्यांच्या मर्यादेत बसतात हे खरे, परंतु एकाच घाण्यातील क्यूबमध्ये १४ मेगापास्कलचा फरक पडतो तेव्हा शंका मिक्सपेक्षा क्यूब भरण्यावर आणि तोडण्यावर घ्यावी लागते. दीडशे मिलिमीटरचा क्यूब ९० मेगापास्कलला तुटतो म्हणजे मशीनवर २०२५ किलोन्यूटन भार आलेला असतो. अनेक प्रयोगशाळांतील मशीन २००० किलोन्यूटनचेच असते, त्यामुळे हा आकडा कोणत्या मशीनवर मिळाला याचा उल्लेख आणि त्या मशीनचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागितल्याशिवाय ८३ ही सरासरी मान्य करू नये.

फ्लो टिकण्यातला फरक माझ्या मते ताकदीतल्या फरकापेक्षा निर्णायक आहे. पहिल्या मिक्सचा फ्लो सुरुवातीला ६७० मिलिमीटर होता आणि दोन तासांनी ५२० वर आला. दुसऱ्याचा ६८० वरून ६१० वर. प्लँटवरून निघालेला ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकून साइटवर पोहोचतो तेव्हा घट्ट झालेल्या मालात पाणी ओतण्याचा मोह होतो, आणि इतक्या कमी पाण्याच्या मिक्समध्ये ८ लिटर वाढले तरी गुणोत्तर ०.२७ च्या पुढे जाते. वाळूतील ओलावा मोजण्यात एक टक्का चूक झाली तरी, घनमीटरला ७०० किलो वाळू असेल तर, ७ लिटरचा फरक पडतोच. म्हणून साइटवर फ्लो वाढवायचा असल्यास फक्त ठरलेल्या मात्रेत अ‍ॅडमिक्स्चर द्यावे आणि एकूण मात्रा आयएस ४५६ मधील २ टक्क्यांच्या आत राहील, असे प्रस्तावातच लिहून घ्यावे. पहिल्या मिक्समध्ये सिमेंट आधीच त्या संहितेच्या ४५० किलोच्या कमाल मर्यादेला टेकलेले आहे, त्यामुळे ताकद कमी पडल्यास सिमेंट वाढवण्याला वाव नाही. शिवाय मीटरभर जाडीच्या कॉलमच्या गाभ्यात उष्णताही अधिक निर्माण होईल.

स्वीकृतीच्या निकषांत दोन्ही प्रस्ताव सुधारावे लागतील. पहिल्याने सलग चार निकालांची सरासरी ७३ पुरेशी मानली आहे. सुधारित आयएस ४५६ नुसार ही सरासरी ग्रेडपेक्षा किमान ३ ने किंवा प्रमाण विचलनाच्या ०.८२५ पटीने, यांपैकी जे जास्त असेल तितकी वर असावी लागते. विचलन ६ धरले तर ती ७५ होते, आणि कोणताही एक निकाल ६७ च्या खाली चालत नाही. ७३ वर यायचे असेल तर पुरवठादाराने त्याच प्लँटच्या किमान ३० निकालांवरून आपले विचलन कमी असल्याचे दाखवावे.

दुसऱ्या प्रस्तावात स्वीकृती ५६ दिवसांवर मागितली आहे, कारण तोपर्यंत त्याची ताकद ९० पर्यंत चढते. स्लॅगचा हा गुण खराच आहे, पण सात दिवसांत एक मजला चढत असेल तर निकाल हाती येईपर्यंत त्या कॉलमवर आठ मजले उभे राहिलेले असतात. तेव्हा क्यूब नापास झाले, तर कोअर काढून त्यांची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नाही हे सिद्ध करत बसण्याखेरीज हातात फारसे काही उरत नाही. स्वीकृती २८ दिवसांवरच ठेवावी. ५६ दिवसांचे क्यूब माहितीसाठी तोडावेत.

या सर्वांचा विचार करता मी दुसरे मिक्स निवडेन, मात्र आहे तसे नाही. पाणी १४४ लिटरवर आणून, त्यासाठी लागेल तेवढे अ‍ॅडमिक्स्चर वाढवून पुन्हा ट्रायल घ्यावी, आणि ती प्रयोगशाळेतील छोट्या मिक्सरऐवजी प्लँटवर, पूर्ण घाण्याची घ्यावी. तिथे २८ दिवसांची सरासरी ७९.९ च्या वर गेली आणि दोन तासांनी फ्लो ६०० मिलिमीटरच्या आसपास टिकला, तर मंजुरी द्यावी. कॉलमच्या आकाराचा एक नमुना ठोकळाही भरावा, त्याच्या गाभ्यात थर्मोकपल बसवावे आणि तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आत राहते का, याची नोंद मंजुरीच्या कागदांना जोडावी.